अम्हारिक नववर्षाच्या शुभेच्छा: मित्राला काय म्हणावे, आणि त्याचे उत्तर काय द्यावे

इथिओपियात बहिर दारला मी नऊ वर्षे शिकवत होतो. दर सप्टेंबरात ओळखीतले कोणी ना कोणी विचारते, की माझ्यासोबत काम करणारा एक इथिओपियन आहे, त्याला नवीन वर्षाचे काय म्हणू? त्यांना इंटरनेटवर इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतले ‘मेल्काम आद्दिस अमेत’ सापडलेले असते, आणि बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. हे शब्द चूक नाहीत. त्यांचा अर्थ ‘चांगले नवे वर्ष’, आणि भेटकार्डावर ते छान दिसतात. पण दारात उभ्या असलेल्या मित्राला इथिओपियातला माणूस आधी दुसरेच काही म्हणतो. ते शिकायचे सोडून लोक पाठ करायला सोपे तेवढेच उचलतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवस. इथिओपियाचे वर्ष मस्करम महिन्याच्या 1 तारखेला सुरू होते, म्हणजे बहुतेक वर्षी 11 सप्टेंबरला. दर चार वर्षांनी एकदा ते 12 सप्टेंबरला येते. 2023 मध्ये तसे झाले, पुढे 2027 मध्ये होईल. त्या दिवसापासून डिसेंबरअखेरपर्यंत आपल्या सनातून 7 वजा केले की त्यांचे साल मिळते. 11 सप्टेंबर 2026 ला 2019 लागते. सणाचे नाव इन्कुतताश. ते सणाचे नाव आहे, त्यावरच शुभेच्छा संपवू नका.

मुख्य वाक्य. मित्र पुरुष असेल तर:

इंक्वान आदर्रसह

मैत्रीण असेल तर:

इंक्वान आदर्रसश

आता इथे थांबा, कारण सगळी गोम या एका शब्दात आहे आणि माझी पहिली दोन वर्षे इथेच गेली.

‘इंक्वान’ म्हणजे ‘बरं झालं’. घरी आलेल्या पाहुण्याला ‘इंक्वान दहना मत्ताह’ म्हणतात, म्हणजे बरं झालं, सुखरूप आलास. त्यातलेच हे ‘इंक्वान’. ‘दर्रस’ म्हणजे पोहोचला. त्याच्या आधी ‘आ’ लागला की ‘आदर्रस’, म्हणजे पोहोचवले. आपल्याकडे पोहोचणे आणि पोहोचवणे यांत जो फरक, तोच. कोणी पोहोचवले ते वाक्यात बोललेले नसते. ऐकणाऱ्याला ते कळते, की देवाने. म्हणून पूर्ण अर्थ असा: बरं झालं, त्याने तुला (या दिवसापर्यंत) पोहोचवलं. देवाचे नाव मुद्दाम उच्चारलेले नसल्यामुळे हेच वाक्य ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांनाही चालते. ईदलाही तिथे हेच म्हणतात, फक्त सणाचे नाव बदलते.

यातला ‘तुला’ क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेला असतो, आणि मराठी माणूस नेमका तिथे घसरतो. आपण ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत भेद करतो, त्यामुळे समोरच्याचे स्त्री-पुरुषपण क्रियापदात येणे आपल्याला नवीन नाही. पण ‘तुला’ मात्र आपल्याकडे दोघांनाही एकच. अम्हारिकमध्ये ‘तुला’ही वेगळा: पुरुषाला ‘ह’, बाईला ‘श’. माझ्या पहिल्या सणाच्या सकाळी मी शेजारच्या बाईंना मोठ्या उत्साहाने ‘आदर्रसह’ म्हणालो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश म्हणाल्या, “श. आदर्रसश.” मी चारदा म्हणून दाखवेपर्यंत हात सोडला नाही.

त्याहून मोठी चूक पुढच्या वर्षी झाली. तोपर्यंत ‘श’ पक्का बसला होता, आणि मी तो घरमालकाच्या सत्तरीतल्या आईला लावला. म्हणजे आजींना अगं-तुगं केले. वडीलधाऱ्यांसाठी तिसरा शब्द आहे:

इंक्वान आदर्रसवोत

हा ‘त्याने तुम्हाला पोहोचवलं’ असा आदरार्थी आहे, आणि तो आजोबांना आणि आजींना एकच. इथे ह-श चा प्रश्नच येत नाही. मित्राचे आईवडील, वयस्क शेजारी, साहेब, धर्मगुरू यांच्यापुढे याच्याशिवाय कोणताही शब्द वापरू नका. परदेशी माणसाला सगळे माफ असते असा सल्ला काही जण देतात. माफ असते हे खरे, पण आजींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले ते मी पाहिले आहे, म्हणून तो सल्ला मी कोणाला देत नाही.

चौथा शब्द अनेकांसाठी:

इंक्वान आदर्रसाच्चिहु

टीव्हीवर, फलकांवर, दुकानांच्या दारांवर हाच असतो, आणि इंटरनेटवरून उचलणारे बहुतेक जण हाच उचलतात. अख्ख्या घराला म्हणायचे असेल तर तो अगदी बरोबर. पण एकट्या जवळच्या मित्राला म्हटलात तर ते समारंभाच्या निवेदनासारखे वाटते. मित्राला ‘ह’ किंवा ‘श’ च द्या.

उच्चाराबद्दल एकच आग्रह. रोमन लिपीत हे शब्द वाचू नका. तिथे जागोजागी जो स्वर इंग्रजी ‘e’ अक्षराने लिहिलेला असतो, तो वाचून मराठी माणूस ‘अदेरेसेश’ म्हणतो. मी वर सांगितलेले ‘मेल्काम आद्दिस अमेत’ही तसेच वाचलेले आहे, खरा उच्चार ‘मल्काम आद्दिस आमत’च्या जवळ जातो. तो स्वर आपल्या साध्या ‘अ’शी बराच जुळतो, म्हणून देवनागरीत लिहून वाचा. ‘र्र’ भुर्रकनमधल्यासारखा पक्का दुहेरी. शेवटचा ‘ह’ गिळू नका, कारण तो गेला की ‘तुला’च गेला. बाहेर पडणारा श्वास ऐकू आला पाहिजे. बाकी काही चुकले तरी चालेल.

वेळ. वाक्य भूतकाळातले आहे: पोहोचवलं. म्हणून मी ते आठवडाभर आधी पाठवत नाही. आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. त्या दिवशी गाठ पडली नाही तर नंतर पहिल्यांदा भेटाल तेव्हा म्हणा, शिळे होत नाही.

पुढच्या सदिच्छा. मुख्य वाक्यानंतर एक किंवा दोन पुरेत. एक म्हणजे ‘कामत आमत याद्रिसिह’, मैत्रिणीला ‘याद्रिसिश’: वर्षामागून वर्ष तो तुला असाच पोहोचवो. क्रियापद तेच, फक्त आता ‘पोहोचवलं’च्या जागी ‘पोहोचवो’. दुसरी ‘आमतु यसलाम, यतेना यिहुनिल्लिह’, मैत्रिणीला ‘यिहुनिल्लिश’: हे वर्ष तुला शांततेचे, आरोग्याचे जावो. ‘सलाम’ शांतता, ‘तेना’ आरोग्य. ‘तेना’चा त घशात हवा अडवून फटकन सोडायचा असतो, नाही जमला तर साधा त म्हणा, समजते. मग हवे तर ‘मल्काम आद्दिस आमत’. त्याची जागा इथे, शेवटी.

उत्तर. तुम्ही म्हणालात की मित्र म्हणेल:

इंक्वान आब्रो आदर्रसन

‘आब्रो’ म्हणजे बरोबरीने, एकत्र. शेवटचा ‘न’ म्हणजे ‘आम्हाला’, आपल्या ‘आपल्याला’ या अर्थाने. बरं झालं, त्याने आपल्याला एकत्र पोहोचवलं. आधी मित्राने म्हटले तर हेच उत्तर तुम्ही द्यायचे. यात समोर पुरुष, बाई, आजी, कोणीही असो, शब्द बदलत नाही. माझे ठाम मत आहे की एकच वाक्य शिकण्याइतका वेळ असेल तर हे शिका. यात चुकायला जागाच नाही.

उत्तरात ‘आमसग्गिनाल्लहु’, म्हणजे ‘आभारी आहे’, म्हणू नका. परदेशी लोक हमखास तेच करतात, मीही केले. त्याने काही बिघडत नाही, पण शुभेच्छा अर्ध्यातच लटकते. समोरचा म्हणतो, तू पोहोचलास. तुम्ही म्हणायचे असते, तूही पोहोचलास की माझ्याबरोबर. त्याला त्याचे पोहोचणे परत न देता नुसते आभार मानले, तर तो तिथेच उभा राहतो. ‘आदर्रसह’ला ‘आदर्रसह’ असे जसेच्या तसे परत फेकणेही तसेच अपुरे. पुढच्या सदिच्छांना मात्र ‘आमेन’ हे उत्तर. प्रत्येकीला वेगळे ‘आमेन’ म्हटले तरी जास्त होत नाही.

हे पोहोचणे कसले, ते तिथे राहिल्यावर कळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे मोठा पाऊस, रस्ते चिखलाचे, जुने धान्य संपत आलेले. वर्ष सरते तेव्हा पाऊस ओसरतो आणि माळांवर ‘आदेय आबबा’ ही पिवळी फुले एकदम उघडतात. सणाच्या सकाळी पांढऱ्या कपड्यांतल्या मुली त्या फुलांच्या जुड्या घेऊन दारोदार गातात. एक ओळ म्हणते, बाकीच्या ‘लम्लम’ म्हणून साथ देतात. हिरवेगार, असा त्याचा अर्थ. आत जमिनीवर ओले गवत पसरलेले असते आणि कॉफी भाजल्याचा वास असतो. त्या दारात ‘पोहोचवलं’ हा शब्द ऐकला की तो पावसाळा पार करून आल्याबद्दल आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एक संभाषण पूर्ण देतो. गेल्या सणाला माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला, ते असे झाले.

मी: इंक्वान आदर्रसश!
ती: इंक्वान आब्रो आदर्रसन!
मी: कामत आमत याद्रिसिश.
ती: आमेन, आमेन. आमतु यसलाम यिहुनिल्लिह.
मी: आमेन.

मग तिने फोन आईकडे दिला.

मी: इंक्वान आदर्रसवोत.
आई: इंक्वान आब्रो आदर्रसन, आमेन.

आणि शेवटी स्पीकरवर सगळ्या घराला: इंक्वान आदर्रसाच्चिहु. एका फोनमध्ये तीन शेपटे लागली. फोन करण्याआधी समोर कोण कोण येईल याचा विचार करून तीन ओळी देवनागरीत कागदावर लिहून ठेवा, मी अजूनही ठेवतो.

लिखित संदेशापेक्षा आवाजी निरोप पाठवा. ‘ह’ आणि ‘श’ कानाला लागतात, आणि मित्राला तुमचा आवाज मिळतो. त्याआधी मात्र एक विचारून घ्या, की त्याच्या घरात अम्हारिक बोलतात ना. इथिओपियात अनेक भाषा आहेत, आणि ओरोमो किंवा तिग्रिन्या बोलणाऱ्या मित्राला त्याच्या भाषेतले शब्द अधिक गोड लागतील.