परदेशी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीचा फोटो काढून भाषांतर करताय? या चुका टाळा

वेरूळला निघालेल्या एका जर्मन बाईंनी छत्रपती संभाजीनगरातल्या एका हिमरूच्या दुकानाशी गाडी थांबवली. ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी आत पाठवली, संध्याकाळी परतताना माल घेते म्हणून निरोप दिला आणि निघून गेल्या. दुकानदाराच्या भाच्याने चिठ्ठीचा फोटो काढला. मोबाइलवर मराठी उमटलं: निळ्या शाली ७, लाल कापड २५० मीटर.

"मामा, अडीचशे मीटर!"

"येवढं हिमरू विणायचं म्हणजे माग वर्षभर अडकून पडंल. आण ती चिठ्ठी इकडं."

मामांनी कागद मागितला तेच बरं केलं. भाषांतराचं अ‍ॅप बहुतेक वेळा मूळ अक्षरांवरच मराठी चिकटवतं, मग खाली काय लिहिलंय ते झाकून जातं. शब्द चुकला तर वाक्य वेडंवाकडं होतं आणि आपल्याला शंका येते. आकडा चुकला तर वाक्य साफ दिसतं, आणि माल मात्र चुकीचा निघतो. म्हणून आकडे कायम कागदावरूनच वाचा.

तेही त्यांच्या वळणाने. जर्मन माणूस इंग्रजी एक लिहिताना डोक्यापासून डावीकडे लांब तिरपी रेघ खाली ओढतो. आपल्याला तो सरळ सात वाटतो. त्यांच्या सातला बहुधा पोटात आडवी रेघ असते. याच चिठ्ठीत खाली हॉटेलच्या खोलीचा नंबर होता, त्यातल्या सातला ती रेघ होती. वरच्या आकड्याला नव्हती. म्हणजे शाल एकच!

कापडाचं कोडं स्वल्पविरामाचं. आपण दशांश टिंबाने दाखवतो, जर्मनीत स्वल्पविरामाने, आणि हजारांना टिंब देतात. बाईंनी २,५० लिहिलं होतं. घडीच्या सावलीत तो बारीक स्वल्पविराम फोटोत आलाच नाही, म्हणून अडीच मीटरचे अडीचशे झाले. उलटही होतं: त्यांचं १.२०० म्हणजे बाराशे, एक पूर्णांक दोन दशांश नव्हे.

भाच्याने कागद सपाट करून दारातल्या उजेडात, वरून सरळ फोटो घेतला. पहिल्यांदा भाषा अ‍ॅपलाच ओळखायला सोडली होती, ती आता स्वतः जर्मन निवडली. चार शब्दांच्या चिठ्ठीवरून अ‍ॅपचा अंदाज सहज हुकतो. कुठली भाषा ते ड्रायव्हरला विचारलं की झालं. हाताचं अक्षर फारच गिचमिड असेल तर फोटोचा नाद सोडा, एकेक अक्षर टाइप करा. या वेळी स्वल्पविराम दिसला.

तरी मामांनी कात्री लावली नाही. शाल परत घडी करून ठेवता येते, कापलेलं कापड कोण घेणार? संध्याकाळी बाई आल्यावर त्यांच्यासमोर ठाण उलगडलं, मोजपट्टी अडीच मीटरवर धरली. बाईंनी मान डोलावली, मग कात्री चालली.