भूकंपाची लाट ओळखायची कशी? जळगावात बसून भूजच्या धक्क्याचा हिशेब

खानदेशात दूरचा भूकंप जाणवतो तेव्हा बहुतेकांना आठवते ती शेवटची हालचाल. पंखा झुलतो, हौदातले पाणी काठावर येते, जमीन सावकाश वरखाली होते आणि पुष्कळांना घेरी आल्यासारखे वाटते. ही भूपृष्ठ लहर. ती सगळ्यांत शेवटी येते, तरी नुकसान बहुधा तिच्यामुळेच जास्त होते. आपल्याला जाणवली ती हीच लहर होती का, हे साध्या गणिताने तपासता येते. त्यासाठी २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप घेऊ.

सर्वांत आधी उगमाची वेळ आणि अंतर मिळवा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या seismo.gov.in या संकेतस्थळावर भूकंपाची वेळ, अक्षांश-रेखांश आणि खोली मिळते. भूजचा भूकंप सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांच्या सुमारास झाला. त्याच्या अपिकेंद्रापासून, म्हणजे उगमाच्या बरोबर वरच्या जमिनीवरच्या जागेपासून, जळगाव सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर आहे.

मग प्रत्येक लहर कधी पोहोचेल ते काढा. इतक्या अंतरावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धरला, तर तिला ८० सेकंद लागतात. म्हणजे जळगावात ती ८:४८ ला. तिच्यामागून येणारी दुय्यम लहर सेकंदाला सव्वाचार किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, म्हणजे साधारण ८:४९ ला. सेकंदाला ३ किलोमीटर चालणारी रेले लहर, म्हणजे जमिनीला लाटेसारखी हलवणारी भूपृष्ठ लहर, २०० सेकंदांनी, ८:५० ला. हे आकडे ठोकळ आहेत. वाटेतल्या खडकांप्रमाणे काही सेकंद इकडेतिकडे होतात.

आता आपल्या आठवणीशी ताडा. आधी बारीक थरथर किंवा भांड्यांची खणखण, मग आडवा हिसका आणि त्यानंतर मिनिटभराने सुरू होऊन बराच वेळ टिकणारे झुलणे, असा क्रम असेल तर ते झुलणे भूपृष्ठ लहरीचेच. सगळे एकाच दणक्यात आले आणि काही सेकंदांत संपले, तर धक्का जवळचा. जवळच्या भूकंपात या लहरींना वेगळे होण्याइतके अंतरच मिळत नाही, म्हणून तिथे ही पद्धत लावू नका.

नुसत्या आठवणीवर भरवसा नसेल तर भूकंपालेख, म्हणजे भूकंपमापकाने काढलेल्या रेघा, पाहा. रेले लहरीत जमिनीचा कण उभ्या लंबवर्तुळात फिरतो. वर असताना तो उगमाकडे सरकतो आणि खाली असताना उगमापासून दूर. त्यामुळे उभ्या हालचालीची आणि उगमाच्या दिशेतल्या आडव्या हालचालीची रेघ एकमेकींपासून पाव फेऱ्याने पुढेमागे दिसते. केवळ डावीउजवीकडे हालचाल असेल आणि उभी रेघ शांत असेल, तर ती लव्ह लहर, म्हणजे भूपृष्ठ लहरीचाच दुसरा प्रकार. दुसरी खूण म्हणजे आधी रुंद, संथ लाटा येतात आणि मागून अरुंद, जलद. लांब लाट जास्त खोलवरच्या, जास्त कठीण खडकाला हलवत जाते, म्हणून ती पुढे निघते.

आता नुकसानीकडे. खोलातून येणाऱ्या प्राथमिक आणि दुय्यम लहरी सगळ्या दिशांना पसरतात, तर भूपृष्ठ लहरी फक्त पृष्ठभागावर. अहमदाबाद अपिकेंद्रापासून सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे जळगाव अडीचपट लांब. केवळ पसरण्याचा हिशेब केला तर खोलातल्या लहरीची उंची अहमदाबादच्या तुलनेत जळगावात ४० टक्के उरते, भूपृष्ठ लहरीची मात्र ६३ टक्के. शिवाय तिचे झोके संथ असतात. इमारतीचा स्वतःचा झोका मजल्यामागे साधारण एक दशांश सेकंदाचा धरतात. दहा मजली इमारत सेकंदाला एकदा झुलते, आणि तेवढ्याच संथ लाटा येत राहिल्या तर झोका वाढतच जातो. अहमदाबादेत २००१ मध्ये बहुमजली इमारती पडल्या, त्यात साबरमतीच्या गाळाने हालचाल वाढवली हे एक कारण होते आणि खालच्या मजल्यावरची मोकळी पार्किंग हे दुसरे.

तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात गाळाचा थर जाड आहे. अशा मऊ थरात लहर मंदावते आणि तिची उंची वाढते. म्हणून तिथे बहुमजली बांधकाम करणाऱ्याने मातीची तपासणी करताना थराची जाडीही विचारावी आणि खांबांवरचा मोकळा तळमजला टाळावा. काळ्या पाषाणावरच्या घराला हीच भीती तितकी नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. भूकंपनाभी, म्हणजे जमिनीखालचा उगम, खोल असेल तर भूपृष्ठ लहरी क्षीण होतात. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप आपल्या अगदी उशाशी झाला, पण तो सुमारे ४० किलोमीटर खोल मानला जातो. पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा जास्त खोलीचा आकडा दिसला, तर मोठ्या झुलण्याची अपेक्षा कमी ठेवा आणि दुय्यम लहरीच्या हिसक्याकडे जास्त लक्ष द्या.