लाभांश जाहीर करण्याआधी आणि नंतर: हिशेब विभागाची तयारी

संचालकांनी लाभांशाचा दर ठरवण्याआधी ताळेबंद समोर ठेवा आणि घसारा वजा झाला आहे ना, ते पाहा. मागील वर्षांचा तोटा किंवा राहिलेला घसारा असेल, तर तो यंदाच्या नफ्यातून आधी वळता करावा लागतो. जमिनीचे पुनर्मूल्यांकन करून फुगलेली रक्कम लाभांशासाठी धरता येत नाही. ठेवीदारांचे पैसे किंवा व्याज थकले असेल, तर तिथेच थांबा. ती थकबाकी असेपर्यंत इक्विटी समभागांवर लाभांश जाहीर करता येत नाही.

खरी कसरत होते ती यंदा तोटा झाला आणि संचालकांना तरीही राखीव निधीतून लाभांश द्यायचा असेल तेव्हा. समजा, भरणा झालेले भागभांडवल २ कोटी, मुक्त राखीव निधी ३ कोटी आणि यंदाचा तोटा ३५ लाख आहे. मागील तीन वर्षांचे दर ८, १० आणि १२ टक्के, म्हणजे सरासरी १० टक्के. यापेक्षा जास्त दर चालत नाही. १० टक्क्यांनी २० लाख लागतील, आणि संचालक मंडळ बहुधा इथेच खूश होते. पण भांडवल व राखीव निधी मिळून होणाऱ्या ५ कोटींच्या एक दशांशापेक्षा, म्हणजे ५० लाखांपेक्षा, जास्त रक्कम काढता येत नाही. त्यातून आधी ३५ लाखांचा तोटा भरायचा. उरतात १५ लाख, म्हणजे दर जेमतेम साडेसात टक्के. काढल्यानंतर राखीव निधी भांडवलाच्या १५ टक्क्यांखाली जाता कामा नये; इथे अडीच कोटी उरतात, ती चिंता नाही.

यानंतर कॅलेंडर उघडा. सभा २५ सप्टेंबर २०२५ ला झाली असे धरा. रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत अनुसूचित बँकेतील वेगळ्या खात्यात आणि २५ ऑक्टोबरपर्यंत भागधारकांच्या हाती जायला हवी. जी पोहोचली नाही, ती १ नोव्हेंबरपर्यंत ‘न दिलेला लाभांश’ या विशेष खात्यात वळवायची. उशीर झाला तर राहिलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज. त्यापुढच्या ९० दिवसांत कोणाचे किती येणे आहे, ही यादी संकेतस्थळावर टाकायची. ती टाकतानाच बंद खाती आणि परत आलेली पाकिटे वेगळी काढून ठेवा, नंतरचा पत्रव्यवहार वाचतो.

सात वर्षे कोणी मागणी केली नाही, तर ही रक्कम केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जाते. सलग सात वर्षे लाभांश उचललाच नसेल, तर ते समभागही तिकडे जातात. मधल्या एखाद्या वर्षाचा लाभांश घेतला असेल तर समभाग वाचतात. म्हणून तीन महिने आधी भागधारकाच्या शेवटच्या पत्त्यावर नोटीस पाठवा आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्या. तिकडे गेलेली रक्कम बुडत नाही. वारसालाही आयईपीएफ-५ अर्ज भरून ती परत मागता येते, मात्र त्याआधी कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यावे लागते.