पापण्या वाढवताना ब्रश नाही, टोक सांभाळा
इंदूरला मावसबहिणीच्या साखरपुड्याचा फोटो नीट करत होतो, पापण्या काढल्या तर सगळ्या एकसारख्या, बाहुलीच दिसायला लागली! मग फोटोशॉपमध्ये नवीन लेयर घेतला, ब्रश तिच्याच पापणीच्या जाडीचा, फोटोत ती ३ पिक्सेल होती, आणि Shape Dynamics मध्ये Control ला Pen Pressure, म्हणजे ग्राफिक्स टॅबलेटच्या पेनचा दाब सोडत गेलं की टोक बारीक होतं. रंग पक्का काळा नको, तिच्याच पापणीतून उचला. मुळापासून झटक्यात ओढा, आधी जरा खाली मग वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब, नाकाकडे छोट्या. दोन-तीन टोकं जुळू द्या, खऱ्या पापण्या तशाच असतात, पण मुळं चिकटली की गुठळी झालीच, तिथला एखादा केस पुसा. शेवटी ऑपॅसिटी ७० च्या आसपास.