मेंदीची संध्याकाळ: नवरी दुपारीच बसवा

नवरीचे कोपरापर्यंतचे हात आणि पाय भरायला चार-पाच तास सहज जातात. म्हणून तिला दोनलाच, जेवून आणि बाथरूमला जाऊन आल्यावर बसवा. तिची मेंदीवाली वेगळी ठेवा. बाकीच्यांना पाचला बोलवा. वीस जणी, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, म्हणजे पाच तास; दोघी मेंदीवाल्या असतील तर अडीच. चिठ्ठीवर नंबर लिहा, नाहीतर लहान मुलींची आई आणि स्वयंपाकघरातली काकू शेवटी राहतेच. खाणं एका घासाचं, टूथपिक टोचलेलं, पाण्याला स्ट्रॉ. पंख्याचा झोत थेट हातावर नको, मेंदी लवकर सुकून पोपडे पडतात. वरवर सुकली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने नुसतं टेकवा. जास्त झालं तर नक्षी ओघळते.