रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी: चेहरा जळतोय, तो उजळत नाहीये

पंचवटीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात डिसेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, महिन्यावर लग्न आलंय, चेहरा उजळेल असं काहीतरी द्या." गेल्या थंडीत मात्र एक बाई आल्या त्या आधीच सगळं घेऊन. अडतीस वर्षांच्या, रोज स्कूटीवरून अंबडला कंपनीत जाणाऱ्या. भाच्याचं लग्न जानेवारीअखेर. त्यांनी ऑनलाइन १ टक्क्याचं रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चं एक रूप, आणि २० टक्क्यांचं व्हिटॅमिन सी सीरम मागवलं होतं, आणि रोज रात्री दोन्ही एकावर एक लावत होत्या. शिवाय रविवारी स्क्रब.

पाचव्या दिवशी साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरायला लागलं. कुठेतरी ऐकलं होतं की सुरुवातीला त्वचा "आतली घाण बाहेर टाकते", म्हणून त्यांनी नेटाने चालू ठेवलं. दहाव्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यांशी आणि नाकाच्या कडेला तपकिरी डाग दिसू लागले, तेव्हा आल्या.

खरी चूक इथेच होते. रेटिनॉलने सुरुवातीला एरवी जिथे पुरळ येतं तिथे थोडे फोड येऊ शकतात, ते वेगळं. पण साध्या क्रीमने चुरचुरणं, धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटणं, कोरडेपणातही चकाकी येणं ही त्वचेचं वरचं संरक्षण विस्कटल्याची लक्षणं. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून जळजळ हाच पहिला इशारा मानायचा. दुर्लक्ष केलं तर जळजळ जाते, पण मागे डाग ठेवून जाते. उजळायला निघालेला माणूस काळवंडून बसतो तो असा. त्यात नाशिकची कोरडी थंडी आणि स्कूटीवरचा बोचरा वारा.

मी त्यांना दोन्ही बाटल्या आणि स्क्रब बंद करायला सांगितलं. सौम्य फेसवॉश फक्त रात्री, सकाळी नुसतं कोमट पाणी. दोन वेळा सेरामाइडचं, म्हणजे त्वचेत मुळातच असणाऱ्या स्निग्धांशाचं मॉइश्चरायझर, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली, दिवसा सनस्क्रीन. सलग आठवडाभर क्रीम चुरचुरलं नाही, की मगच पुढचं. त्यांना तीन आठवडे लागले. लग्न मेकअपवरच निभावलं. (त्यात वावगं काहीच नाही, मी तर आधीच तसं सुचवते.)

पुन्हा सुरुवात एकाच गोष्टीने केली: ०.२ टक्के रेटिनॉल, सोमवार आणि गुरुवार रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर आधी मॉइश्चरायझर, मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं रेटिनॉल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडायच्या. महिनाभर त्रास नाही, तर एक रात्र वाढवायची. टक्केवारी इतक्यात वाढवायची नाही.

व्हिटॅमिन सी महिन्यानंतर, १० टक्क्यांचं, सकाळी सनस्क्रीनच्या आधी. रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी एकमेकांचा परिणाम मारतात असं म्हणतात, म्हणून नव्हे. नवी गोष्ट एकेकच आणली, तर कशाने चुरचुरलं ते कळतं. एल-अॅस्कॉर्बिक अॅसिडचं, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम हवा, ऊन आणि उष्णतेने खराब होतं. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला, की बाटली संपली समजा, निम्मी भरलेली असली तरी. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. आणि चेहऱ्यावर लिंबू चोळणं म्हणजे व्हिटॅमिन सी लावणं नव्हे, त्यात मुख्यतः तीव्र आम्लच असतं.

दोन बोटं भरून सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लावणार नसाल, तर हा सगळा खर्च वाया. स्कूटीवर तोंडाला ओढणी बांधली तरी कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो.

रेटिनॉल देण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, दिवस गेलेत का, किंवा तसा विचार आहे का. हो म्हणाली तर देत नाही.

किती दिवसांत फरक? निस्तेजपणा कमी व्हायला दोन-तीन महिने धरा, बारीक रेषा मऊ व्हायला तीन ते सहा महिने. नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल घड्या याने जात नाहीत. रोज आरशात बघून काही कळणार नाही, म्हणून महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढायचा. त्या बाईंनी मे महिन्यात दोन फोटो काउंटरवर शेजारी-शेजारी धरून दाखवले. गालांवरचा मरगळलेला रंग गेला होता, डोळ्यांच्या कडेच्या रेषा जेमतेम सौम्य झाल्या होत्या, आणि डिसेंबरचा ओठाजवळचा डाग अजून फिकट होत होता.