आरओई दोन्ही वर्षी १५ टक्के, मग बिघडलं काय? विश्लेषणाच्या पेपरआधीची तयारीची यादी

गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी एक प्रश्न सोडवायला दिला होता. बहुतेकांची आकडेमोड बरोबर आली आणि उत्तर मात्र चुकलं. म्हणून तयारीची यादी त्याच प्रश्नावर बेतून लिहिते.

प्रश्नातली कंपनी काल्पनिक, निफाडकडे बेदाणा बनवणारी. सगळे आकडे लाखांत. विक्री पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी २,५००. करानंतरचा नफा दोन्ही वर्षी १५०. भागधारकांचा निधी दोन्ही वर्षी १,०००, कारण नफा सगळाच लाभांशात वाटला. एकूण मालमत्ता मात्र १,६०० वरून २,५०० वर गेली. आरओई म्हणजे करानंतरचा नफा भागिले भागधारकांचा निधी. ‘दोन्ही वर्षी आरओई १५ टक्के आहे, म्हणजे कामगिरी जैसे थे आहे’ या विधानावर भाष्य करायचं होतं.

आधी कॅल्क्युलेटरची सवय लावून घ्या. कॉमन साइज पत्रकात सगळ्या रकमा पायाच्या, म्हणजे विक्रीच्या किंवा एकूण मालमत्तेच्या, टक्क्यांत मांडतात. तिथे प्रत्येक रक्कम वेगळी भागत बसू नका. १०० ला पायाच्या रकमेने एकदाच भागा आणि येणाऱ्या आकड्याने सगळ्या रकमा गुणत चला. इथे पहिल्या वर्षीच्या नफातोटा पत्रकासाठी तो आकडा ०.०५, ताळेबंदासाठी ०.०६२५, दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे ०.०४. नफातोटा पत्रकाचा पाया म्हणजे कामकाजातून आलेला महसूल. इतर उत्पन्न धरून होणारी एकूण बेरीज पायाला घेतली, की पुढची प्रत्येक टक्केवारी थोडी थोडी चुकते आणि तपासताना ते लक्षातही येत नाही.

ताळेबंदाची टक्केवारी काढली की कायम मालमत्ता ५० टक्क्यांवरून ४० वर आलेली दिसते. इथे एकाने लिहिलं, ‘कंपनीने यंत्रसामग्री विकली.’ रुपये बघा: ८०० च्या १,००० झाल्या आहेत. वाटा घटला, कारण बाकीचं जास्त वाढलं. म्हणून टक्क्यांच्या रकान्याशेजारी मूळ रकमेचा रकाना ठेवायचाच, आणि ‘घटलं’ हा शब्द लिहिण्याआधी तिकडे एकदा नजर टाकायची. वाढलंय ते मालाच्या साठ्यात: ४०० वरून ९००, म्हणजे २५ टक्क्यांवरून ३६. उधारी २० वरून २१ झाली, रोकड ५ वरून ३. त्यावर अर्धी ओळ पुरे.

आता आरओईचे तीन तुकडे. निव्वळ नफ्याचं मार्जिन, म्हणजे नफा भागिले विक्री; मालमत्तेचा टर्नओव्हर, म्हणजे विक्री भागिले एकूण मालमत्ता; आणि लेव्हरेज, म्हणजे एकूण मालमत्ता भागिले भागधारकांचा निधी. पहिल्या वर्षी ७.५ टक्के × १.२५ × १.६, गुणाकार १५ टक्के. दुसऱ्या वर्षी ६ टक्के × १.० × २.५, पुन्हा १५. दोन तुकडे घसरले आणि तिसऱ्याने ती घसरण झाकली, एवढं सगळ्यांना दिसलं.

गुणाकार जुळतो का हे दर वेळी तपासा. तो जुळला नाही तर बहुधा सरासरी आणि वर्षअखेरचे आकडे एकत्र झालेले असतात. याच प्रश्नात दुसऱ्या वर्षीचा टर्नओव्हर सरासरी मालमत्तेवर, म्हणजे २,०५० वर काढला तर १.२२ येतो. त्याला वर्षअखेरच्या २.५ लेव्हरेजने गुणलं की आरओई १८.३ टक्के निघतो, जो कुठल्याच हिशेबात बसत नाही. सरासरी घ्यायची तर दोन्हीकडे घ्या. इथे पहिल्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक दिलेलीच नव्हती, म्हणून दोन्ही वर्षी वर्षअखेरचे आकडे घेतले. असं केल्याची एक ओळ उत्तराच्या डोक्यावर लिहायची.

खरी गोम मार्जिनमध्ये आहे. मार्जिन ७.५ चं ६ झालं म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ‘खर्चावर ताबा सुटला’ असं ठोकून दिलं. पण कॉमन साइज नफातोटा पत्रक तुम्हीच पाच मिनिटांपूर्वी बनवलंय, ते उघडा. कच्च्या मालाचा खर्च दोन्ही वर्षी ६५ टक्के. पगार, घसारा आणि बाकीचे खर्च मिळून २२.५ वरून २२. म्हणजे व्याज आणि कराआधीचा नफा १२.५ वरून १३ टक्क्यांवर गेलाय, सुधारलाय! बिघडलं ते त्याखाली: व्याज २.५ टक्क्यांवरून ५ टक्के. कर दोन्ही वर्षी २५ टक्के दरानेच.

म्हणजे कर्ज या गणितात दोनदा येतं. लेव्हरेजच्या तुकड्यात ते आरओई वर ढकलतं आणि व्याजाच्या रूपाने मार्जिनमध्ये शिरून खाली ओढतं. १९१० च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीतल्या डोनाल्डसन ब्राउन यांनी हे विश्लेषण मांडलं तेव्हा त्यात मार्जिन आणि टर्नओव्हर एवढंच होतं. लेव्हरेज नंतर जोडलं गेलं. म्हणून प्रश्नात व्याजाचा आकडा दिला असेल तर मार्जिन आणखी फोडा: करानंतर उरणारा हिस्सा, व्याजानंतर उरणारा हिस्सा आणि कामकाजाचं मार्जिन. पहिल्या वर्षी ०.७५ × ०.८० × १२.५ टक्के, दुसऱ्या वर्षी ०.७५ × ०.६१५ × १३ टक्के. मधला आकडा पडलाय, बाकीचे नाहीत.

‘पण ताई, मग कर्ज घेणं चुकलं की बरोबर?’ असं एकीने विचारलं. त्याचं उत्तर वाढीव आकड्यांत मिळतं. मालमत्ता ९०० ने वाढली. त्यातले ७५० कर्जाचे, १५० पुरवठादारांच्या उधारीचे. कर्जाचा दर १० टक्के, म्हणजे वाढीव व्याज ७५. आणि व्याज-कराआधीचा नफा २५० वरून ३२५ झाला, तोही ७५ नेच वाढला. नव्या मालमत्तेने जे कमावलं ते सगळं बँकेत गेलं. ९०० वर ७५ म्हणजे ८.३ टक्के कमाई, कर्जाच्या १० टक्क्यांहून कमी. पुरवठादारांचे १५० बिनव्याजी होते म्हणूनच भागधारकांचा नफा घटला नाही. भाष्यात हा परिच्छेद आला तर परीक्षकाला कळतं की मुलाला तुकडे पाडता येतात आणि जोडताही येतात.

उत्तर लिहिताना क्रमही ठरवून ठेवा. आरओई तोच, पण त्याचं मिश्रण बदललं, कामकाजाचं मार्जिन किंचित सुधारलं, साठा वाढल्याने टर्नओव्हर मंदावला, तो साठा मुख्यतः कर्जावर उभा आहे, जोखीम वाढली. मग प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आकडा. आधी आकड्यांची रांग आणि शेवटी एक गुळमुळीत ओळ, असं नको.

राहिला साठा. आपल्याकडे द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि ताळेबंद ३१ मार्चचा. बेदाण्याचा साठा त्या तारखेला फुगलेला असणारच, म्हणून १.० हा टर्नओव्हर वर्षभराच्या मानाने कमी दिसतो. दोन्ही वर्षांची तारीख तीच असल्याने याच कंपनीची आपल्याशीच केलेली तुलना टिकते. पण प्रश्नात शेजारी सातपूरच्या सुट्या भागांच्या कारखान्याचा टर्नओव्हर दिला असेल, तर दोन्ही आकडे सरळ समोरासमोर ठेवू नका. हंगामाची एक ओळ आधी लिहा.